‘नको’ म्हणण्याची तालीम

मराठीत नकाराला दोन शब्द आहेत. ‘नाही’ या शब्दाने आपण वस्तुस्थिती सांगतो, आणि ‘नको’ या शब्दाने आपली इच्छा सांगतो. इतका नेमका शब्द हाताशी असूनही तो तेराचौदा वर्षांच्या मुलामुलींच्या तोंडून ऐन वेळी नीट उमटत नाही. याचे एक कारण आपल्या पंगतीतच सापडते. पाहुण्याने पानावर आडवा हात धरून ‘नको, नको’ म्हणावे, यजमानाने तो हात बाजूला सारून आणखी एक जिलेबी वाढावी, आणि पाहुण्याने ती हसतमुखाने खावी, ही आपली जुनी रीत आहे. पहिला ‘नको’ शिष्टाचाराचा, दुसरा संकोचाचा आणि तिसरा संमतीचा, असा अर्थ लहान मूल न शिकवता शिकते. पंगतीत त्यातून फार तर अजीर्ण होईल. पण शाळा सुटल्यावर कोपऱ्यावरच्या टपरीपाशी जेव्हा एखादा थोराड मुलगा पुडी पुढे करतो, तेव्हाही मुलाच्या तोंडून तोच पंगतीतला, हसरा, हात पुढे येऊ देणारा ‘नको’ बाहेर पडतो. आणि समोरचाही त्याचा पंगतीतलाच अर्थ घेतो.

म्हणून इयत्ता आठवीच्या वयाच्या मुलांकडून नकाराची प्रत्यक्ष तालीम करून घेण्याची एक पद्धत अनेक देशांतील शाळांत रूढ झाली आहे. मोहाचा किंवा दडपणाचा एखादा प्रसंग वर्गातच लुटुपुटूच्या नाट्यप्रवेशासारखा उभा करावयाचा, आणि त्यात प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने, उभ्या अंगाने नकार देऊन पाहावयाचा, असे तिचे स्वरूप आहे. हा प्रवेश कसा बसवावा, त्यात काय बिघडते आणि त्याची मर्यादा कोठे संपते, ते या लेखात पाहू.

उपदेश का पुरत नाही, हा पहिला प्रश्न आहे. तंबाखू वाईट आहे हे आठवीतल्या कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक असते. परीक्षेत विचारले तर तो त्यावर दहा ओळी लिहील. परंतु टपरीपाशी उत्तर लिहावयास वेळ नसतो. तीनचार सेकंदांत काहीतरी बोलावे लागते, आणि भोवती चार सोबती पाहात उभे असतात. या पाहणाऱ्या सोबत्यांचा परिणाम किती मोठा असतो, याची एक परीक्षा अमेरिकेतील मार्गो गार्डनर व लॉरेन्स स्टाइनबर्ग या संशोधकांनी केली व २००५ साली प्रसिद्ध केली. त्यांनी निरनिराळ्या वयाच्या मंडळींना पडद्यावर मोटार चालविण्याचा एक खेळ खेळावयास दिला. सिग्नल पिवळा झाल्यावरही गाडी पुढे दामटली तर गुण अधिक मिळत, पण अपघात होऊन सर्व गमावण्याचीही भीती असे. काही जण एकटे खेळले, तर काहींच्या शेजारी त्यांच्या वयाचे दोन सोबती बसविले होते. चोविशीच्या पुढील माणसांच्या खेळात सोबत्यांमुळे फरक पडला नाही. तेरा ते सोळा वयाच्या मुलांनी मात्र सोबत्यांसमक्ष जवळजवळ दुप्पट धोका पत्करला. मुलांना धोका कळत नव्हता असे यावरून म्हणता येत नाही. एकटी खेळणारी त्याच वयाची मुले पुष्कळ जपून खेळत होती. चार डोळे आपल्याकडे पाहात आहेत, एवढ्यानेच या वयात निर्णय बदलतो. मग सराव करावयाचा तो चार डोळ्यांसमोरच केला पाहिजे, हे ओघाने आले.

दुसरी एक जुनी परीक्षा या तालमीला फार उपयोगी पडते. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या दशकात ती अमेरिकेतील महाविद्यालयीन तरुणांवर केली. एका रेषेच्या लांबीची दुसरी रेषा तिघींतून ओळखावयाची, इतका सोपा प्रश्न असे. पण खोलीतील इतर सर्व जण आधीच शिकवून ठेवलेले असत व ते एकमुखाने चुकीची रेषा दाखवीत. डोळ्यांना खरे उत्तर दिसत असूनही परीक्षार्थी तरुणांनी अशा प्रसंगी सुमारे एक तृतीयांश वेळा चुकीच्या उत्तराला मान डोलावली. आता पुढची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या समूहात खरे उत्तर देणारा एकच सोबती मिळाला, की चुकांचे प्रमाण सुमारे चौथ्या हिश्श्यावर येई. सर्वांना गप्प करणारा बलवान मित्र असावा लागत नाही. ‘मलाही तसेच वाटते’ असे म्हणणारा एक पुरतो. म्हणून आपल्या प्रवेशात नकार देणाऱ्याइतकीच त्याच्या मित्राची भूमिकाही महत्त्वाची धरली आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. चाळीस मिनिटांच्या एका तासात चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गाचे पाचपाचांचे आठ गट होतात. प्रत्येक गटात एक जण नकार देणारा, दोघे आग्रह करणारे, एक मित्र आणि एक निरीक्षक असतो. निरीक्षक काही बोलत नाही. तो वही घेऊन बाजूला बसतो. प्रसंग मुलांनीच सुचवावयाचे असतात. आदल्या दिवशी प्रत्येकाने नाव न घालता एका चिठ्ठीवर ‘मला नाही म्हणावेसे वाटले पण जमले नाही’ असा एक प्रसंग लिहून पेटीत टाकावा. शिक्षकांनी त्या चिठ्ठ्या वाचून, कोणाची ओळख पटणार नाही अशा बेताने चारसहा प्रसंग निवडावेत. वडीलमाणसांनी कल्पनेने रचलेले प्रसंग बहुधा खोटे वाटतात. त्यांत मोह दाखविणारा मनुष्य काळा चष्मा लावून येतो. मुलांच्या खऱ्या जगात तो बहुधा शेजारच्या बाकावरचा, आपली वही नेहमी आपल्याला देणारा मित्र असतो.

तासाच्या आरंभी काही नियम सांगावेत. प्रवेशात कोणी स्वतःच्या नावाने उभे राहू नये. ‘बंडू’, ‘ठमी’ अशी सोंगाची नावे घ्यावीत, आणि वर्गातल्या कोणाची नक्कल करू नये. पुडी म्हणून कोरा कागद घ्यावा, खरी वस्तू कधीही आणू नये. अंगाला हात लावावयाचा नाही. ‘थांबा’ हा शब्द कोणीही उच्चारला की प्रवेश तत्क्षणी थांबला पाहिजे. आणि शेवटचा नियम असा, की वस्तू घेतली असे प्रवेशात कधीच दाखवावयाचे नाही. ज्याची तालीम होते ते अंगवळणी पडते. म्हणून हार खाण्याची तालीम करू नये. नकार देणारा डळमळू लागला की शिक्षकांनी तेथेच प्रवेश थांबवावा.

नमुन्यादाखल एक प्रसंग सविस्तर पाहू. शाळा सुटली आहे. बंडू आणि त्याचा मित्र मैदानाकडे निघाले आहेत. टपरीपाशी दहावीतला थोरला व त्याचा सोबती उभे आहेत. थोरल्याच्या हातात सुगंधी सुपारीची पुडी आहे. पहिल्या फेरीत काहीही न शिकविता, मुलांना जसे सुचेल तसे बोलू द्यावे. आपल्या बेळगावकडील मुलांचा संवाद साधारणपणे असा होतो :

थोरला : काय रे बंडू, इकडं ये की. हे घे.

बंडू : (हसत) काय आहे?

थोरला : सुपारीच आहे रे. घे.

बंडू : नको... आज नको.

सोबती : आज नको म्हणजे उद्या घेणार म्हण की!

बंडू : तसं नाही, आई रागावते.

थोरला : आईला कोण सांगतंय? घरी पोचेपर्यंत वास जातोय.

बंडू : पण माझा घसा दुखतोय.

सोबती : मग तर बरंच. घशाला चांगलं असतंय ते.

थोरला : आम्ही सगळे घेतोय. तूच एकटा बाळ राहिलास. बघू, हात कर पुढं.

येथे बंडू हसतो, पायाकडे पाहतो, आणि त्याचा हात खिशातून बाहेर येऊ लागतो. शिक्षक ‘थांबा’ म्हणतात.

या अर्ध्या मिनिटात काय घडले? बंडूने तीन वेळा नकार दिला, पण प्रत्येक वेळी नकाराबरोबर एक कारण दिले, आणि प्रत्येक कारण समोरच्याने खोडून काढले. ‘आज नको’ या बोलण्यात उद्याचे आमंत्रण दडलेले होते. ‘आई रागावते’ म्हटल्यावर आईपासून लपविण्याची युक्ती पुढे आली. घशाचे दुखणे तर औषधच ठरले. कारण दिले म्हणजे वादाला विषय दिला, आणि वादात दहावीतला मुलगा आठवीतल्यापेक्षा चतुर असणारच. शेवटी कारणे संपली, आणि कारणे संपली म्हणजे आता घेतलेच पाहिजे असे बंडूलाही वाटू लागले. मित्र या सर्व वेळी शेजारी मुकाट उभा होता, तोही लक्षात ठेवावा.

याचा अर्थ सबब सांगणे पाप आहे असा नाही. एकटे असताना, अंधार पडत आला असताना, ‘आई वाट पाहते आहे’ म्हणून निघून जाणे शहाणपणाचेच आहे. सबबीने त्या दिवसाची सुटका होते. उद्या तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो, एवढेच ध्यानात असावे.

दुसऱ्या फेरीपूर्वी शिक्षकांनी स्वतः बंडूची भूमिका करून दाखवावी. मुले ऐकून जितके शिकतात, त्याहून पाहून अधिक शिकतात. शिकवावयाच्या गोष्टी मोजक्याच आहेत. वाक्य लहान असावे व तेच पुन्हा म्हणावे. ‘मला खाता येत नाही’ असे न म्हणता ‘मी खात नाही’ असे म्हणावे. पहिल्या वाक्यात कोणीतरी मला अडविले आहे असा भाव आहे, आणि अडविणाऱ्याला चुकविण्याची वाट समोरचा लगेच दाखवितो. दुसऱ्या वाक्यात मी कोण आहे ते सांगितले आहे, आणि त्यावर वाद घालणे कठीण जाते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांतही असाच अनुभव आला. ज्यांनी स्वतःला ‘मी करीत नाही’ अशा भाषेत बजावले, ते आपल्या निश्चयावर अधिक टिकून राहिले. वाक्य उच्चारताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहावे, वाक्याच्या शेवटी आवाज खाली पडू देऊ नये, आणि हसू नये. शेवटी, नकार देऊन तेथेच उभे राहू नये. पाय हलले पाहिजेत. आता दुसरी फेरी पाहा :

थोरला : बंडू, इकडं ये की. हे घे.

बंडू : नको. मी खात नाही.

थोरला : सुपारीच आहे रे.

बंडू : असू दे. मी खात नाही.

सोबती : आईला भितोस काय?

बंडू : मी खात नाही.

थोरला : सगळे खातात.

बंडू : खाऊ देत. (मित्राकडे वळून) चल, मैदानावर उशीर होतोय.

मित्र : चल. मी पण खात नाही.

बंडू : (जाता जाता थोरल्याला) खेळायला येणार असलास तर ये.

या फेरीत बंडूने आईच्या टोमण्याला उत्तरच दिले नाही, ही गोष्ट मुलांच्या नजरेस आणून द्यावी. टोमणा हे वादाचे आमंत्रण असते, आणि प्रत्येक आमंत्रण स्वीकारण्याचे बंधन कोणावर नाही. मित्राचे एकच वाक्य येताच दोघांविरुद्ध एक अशी लढत न राहता दोघांविरुद्ध दोघे अशी झाली. शेवटचे वाक्य तर फार मोलाचे आहे. पुष्कळ मुले पुडीच्या लोभाने पुडी घेत नाहीत. मैत्री तुटेल या भयाने घेतात. ‘वस्तू नको, तू हवास’ हे शब्दांत सांगता आले, की नकाराचे निम्मे ओझे उतरते.

प्रवेशाची भाषा ही मुलांची रोजची भाषा असली पाहिजे. वर्गात उभे राहिले की मुले पुस्तकी मराठी बोलू लागतात : ‘मित्रा, मला या पदार्थाची इच्छा नाही.’ असे वाक्य टपरीपाशी कोणी उच्चारणार नाही, आणि उच्चारले तर हसे होईल. आपल्या भागात तर मैदानावरचा खेळ निम्मा कानडीत आणि निम्मा हिंदीत चालतो. ज्या मुलाला पुडी कानडीत पुढे केली जाणार आहे, त्याने ‘ब्याड’ याच शब्दाची तालीम केली पाहिजे. ज्या भाषेत आग्रह होतो त्याच भाषेत नकार तोंडात बसलेला असावा. भाषांतर करण्याइतका वेळ तेथे मिळत नाही.

तिसऱ्या फेरीत भूमिका बदलाव्यात, म्हणजे दोन तासांत प्रत्येकाची पाळी येते. प्रत्येक फेरी दीड मिनिटाहून लांबवू नये. फेरी संपल्यावर निरीक्षकाने वहीतून वाचून दाखवावे : पहिला शब्द निघावयास किती वेळ लागला, किती कारणे दिली, नजर कोठे होती, पाय केव्हा हलले. ‘छान केलेस’ किंवा ‘भित्रा आहेस’ असे निरीक्षकाने म्हणावयाचे नाही. जे दिसले तेवढेच सांगावयाचे. तालीम साधली की नाही हेही याच टिपणांवरून कळते. पहिल्या फेरीत तीन कारणे देणारा तिसऱ्या फेरीत एकही देत नाही, त्याचा पहिला शब्द पटकन येतो, आणि सर्वांत चांगले लक्षण म्हणजे मित्राची भूमिका करणारा आपण होऊन, न सांगता, लवकर बोलू लागतो.

हा प्रवेश बिघडतो तो बहुधा एकाच ठिकाणी. आग्रह करणाऱ्याची भूमिका फार मजेची असते. त्यात खुसखुशीत टोमणे मारता येतात, वर्ग हसतो, आणि पाहता पाहता थोरला हाच नाटकाचा नायक होतो. मग मुले नकार शिकावयाची ती आग्रह करण्याची कला शिकून जातात, आणि बिचारा बंडू सर्वांच्या हास्याचा विषय होतो. मागच्या बाकांवरून थोरल्याच्या वाक्यांना टाळ्या पडू लागल्या, की हे घडत आहे असे समजावे. यावर उपाय असा, की थोरल्याची वाक्ये आधीच कागदावर लिहून द्यावीत, ती पाचाहून अधिक नसावीत, आणि ती त्याने वाचूनच म्हणावीत. नकार देणाऱ्याला मात्र कागद देऊ नये. त्याचे शब्द त्याचेच असावेत. लाजऱ्या मुलांना सर्व वर्गासमोर उभे न करता पाचांच्या गटातच राहू द्यावे.

आणखी एक उणीव शास्त्रज्ञांच्या ध्यानात आली आहे. नुसताच नकार शिकवीत बसले, तर मुलांचा असा ग्रह होतो, की पुडी पुढे करणारे पावलोपावली उभे आहेत आणि बाकी सर्व जण ती घेतच असले पाहिजेत. कॅलिफोर्नियात विल्यम हॅन्सन व जॉन ग्रॅहॅम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, केवळ नकाराचे कौशल्य शिकविण्यापेक्षा ‘तुम्हांला वाटते तितकी मुले व्यसन करीत नाहीत’ ही खरी परिस्थिती दाखविण्याचा परिणाम अधिक झालेला आढळला. म्हणून तालमीच्या आधी दहा मिनिटे मोजणीला द्यावीत. प्रत्येकाने नाव न घालता दोन उत्तरे लिहावीत : ‘आपल्या वर्गातील किती जण तंबाखू खात किंवा ओढत असतील?’ आणि ‘मी स्वतः खातो काय?’ दोन्ही उत्तरांची बेरीज फळ्यावर मांडली, की अंदाज आणि वास्तव यांत केवढे अंतर असते ते मुलांना दिसते. भारतातील तेरा ते पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या २०१९ सालच्या राष्ट्रीय पाहणीत शेकडा ८.५ विद्यार्थी तंबाखूचे सेवन करणारे आढळले. चाळीसांच्या वर्गात हे प्रमाण तीन किंवा चार होते. आकडा चिंतेचा आहेच. पण थोरल्याचे ‘सगळे खातात’ हे वाक्य त्याने साफ खोटे ठरते. दुसऱ्या फेरीतला बंडू ‘खाऊ देत’ म्हणाला. ही मोजणी पाहिलेला बंडू मनातल्या मनात ‘तीन-चार जण’ असे म्हणू शकतो.

‘सुपारीच आहे’ या वाक्याबद्दलही येथे दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण आपल्याकडे सुपारी पानदानात आणि पूजेच्या तबकात असते, आणि त्यामुळे ती निरुपद्रवी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ साली नुसती सुपारी, तंबाखूवाचूनही, कर्करोगकारक पदार्थांत घातली आहे. सुपारी नित्य चघळणाऱ्याच्या गालांच्या आतील अस्तर ताठर होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. स्वतःची तीन बोटे उभी धरून ती समोरच्या दातांमध्ये बसतात की नाही हे प्रत्येकाने पाहावे. या विकारात दोन आणि मग एकच बोट शिरते, आणि गेलेली लवचिकता बहुधा परत येत नाही. मुलांना ही माहिती असावी; पण टपरीपाशी ती थोरल्याला समजावून सांगण्याच्या भानगडीत पडू नये. तेथे ‘मी खात नाही’ एवढेच पुरे.

एका तासाने हे काम भागत नाही. न्यूयॉर्कमधील गिल्बर्ट बॉट्विन यांनी शाळांसाठी आखलेल्या प्रसिद्ध जीवनकौशल्य-शिक्षणक्रमात पहिल्या वर्षी पंधरा तास, दुसऱ्या वर्षी उजळणीचे दहा आणि तिसऱ्या वर्षी पाच तास ठेवलेले आहेत. उजळणी न करता शिकलेला श्लोक जसा विसरतो, तसाच शिकलेला नकारही विसरतो. शिवाय प्रसंग बदलत जातात. आठवीत पुडी असते. नववीत एखादी मैत्रीण गटातल्या दुसऱ्या मुलीची टवाळी करणारा मजकूर मोबाइलवरून पुढे पाठविण्याचा आग्रह करते. तेथे समोर चेहरा नसतो, पाय हलविण्याची सोय नसते, आणि ‘पाठव ना ग, पाठव’ असे निरोप रात्रीपर्यंत येत राहतात. त्या प्रसंगाची तालीम कागदावर करावी. एकीने निरोप लिहावा, दुसरीने उत्तर लिहावे : ‘मी असलं पुढे पाठवत नाही. उद्या शाळेत भेटू.’ आणि फोन ठेवून द्यावा. येथेही लहान वाक्य, कारण नाही, आणि मैत्रीचे दार उघडे, हीच रीत लागू पडते.

आता मर्यादा. ही तालीम बरोबरीच्या मुलांमधील आग्रहासाठी आहे. जेथे मारण्याची धमकी आहे, जेथे पैसे उकळले जात आहेत, किंवा जेथे कोणी मोठा मनुष्य मुलाच्या अंगाशी येतो आहे, तेथे ठाम ‘नको’ म्हणून प्रसंग निभावण्याची जबाबदारी तेरा वर्षांच्या मुलावर टाकणे अन्यायाचे होईल. तेथून निघता आले तर निघावे आणि विश्वासाच्या वडीलमाणसाला त्याच दिवशी सांगावे. सांगण्याजोगे कोणी नसेल, तर संकटातील बालकांसाठी १०९८ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे. ज्या मुलाला अशा वेळी तोंडातून शब्द काढता आला नाही, त्याचा त्यात दोष नसतो. भयाने वाचा बसणे हा शरीराचा धर्म आहे, हे शिक्षकांनी तालमीच्या तासातच स्पष्ट सांगावे; नाहीतर ‘तुला शिकवले होते, मग का नाही म्हणाला नाहीस?’ असा उलट ठपका त्या मुलावर यावयाचा.

अखेरची गोष्ट घरच्या मंडळींसाठी. शाळेत आठवड्यातून चाळीस मिनिटे शिकविलेला ‘नको’ घरी रोज दोन वेळा पानावर पुसला जात असेल, तर तो टिकणार कसा? मुलगी पोळी नको म्हणते, आणि आजी प्रेमाने ती वाढतेच. मुलगा पाहुण्यांसमोर गाणे म्हणावयास तयार नसतो, आणि काका ‘म्हण रे, लाजतोस काय?’ म्हणून त्याला उभे करतातच. पाहुण्यांना आग्रह अवश्य करावा, ती आपली रीत आहे. पण वाढत्या वयाच्या मुलाला एकदाच विचारावे, त्याचे उत्तर ऐकावे, आणि तो ‘नको’ म्हणाला तर पळी मागे घ्यावी. आपला शब्द ऐकला जातो हे ज्याला घरच्या पंगतीत कळले आहे, तो टपरीपाशीही तो शब्द हसून पुसट करणार नाही.